जात सीमेवर उतरवून ठेवायची?



मागे एका कार्यकर्ता शिबिरात अॅट्रॉसिटी कायद्यावरचे सत्र संपल्यावर एका तरुणाने उभे राहून विचारले, "सर, आरोपी पासपोर्ट घेऊन लंडनला निघून गेला, तर त्याला अॅट्रॉसिटीखाली परत आणता येईल का?" व्यासपीठावरून ताबडतोब उत्तर आले, "नाही येणार. तिकडे जातच नाही, तर गुन्हा कुठला?" थोडा हशा झाला आणि चहाची सुट्टी झाली. आम्हीही गप्प बसलो. आमचे शिक्षण समाजशास्त्राचे, कायद्याचे नाही, आणि नक्की उत्तर आम्हालाही माहीत नव्हते. नंतर करार आणि निकाल काढून वाचले, तेव्हा कळले की ते उत्तर अर्धे चूक होते. जे अर्धे बरोबर होते ते आपोआप बरोबर झालेले नाही. ते बरोबर ठरावे याची सोय आपल्याच सरकारने वर्षानुवर्षे जगाच्या व्यासपीठांवर करून ठेवली आहे. हा लेख त्यावर आहे.

प्रत्यार्पण म्हणजे एका देशाने आपल्या हद्दीत सापडलेला आरोपी खटल्यासाठी दुसऱ्या देशाच्या हवाली करणे. त्याचा पहिला नियम असा की ज्या कृत्यासाठी माणूस मागितला आहे, ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असले पाहिजे. याला दुहेरी गुन्ह्याचे तत्त्व म्हणतात. भारत आणि ब्रिटन यांच्यातला प्रत्यार्पण करार १९९२ चा आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात अट आहे की गुन्ह्याला दोन्ही देशांत किमान एक वर्षाच्या कैदेची शिक्षा असावी. ब्रिटनच्या स्वतःच्या २००३ च्या प्रत्यार्पण कायद्यातही हीच गोष्ट बारा महिने अशा शब्दांत येते. हे एक वर्ष नीट लक्षात ठेवा. पुढे सगळा घोळ तिथेच आहे.

व्यासपीठावरच्या आमच्या मित्राची चूक अशी की त्यांनी कायद्याच्या नावांची तुलना केली. ब्रिटनमध्ये अॅट्रॉसिटी कायदा नाही, म्हणून गुन्हा नाही, असा त्यांचा हिशेब. न्यायालय तसे करत नाही. न्यायालय कृत्य उचलते, ते ब्रिटनमध्ये घडले असे मानते आणि विचारते की इथे हे केले असते तर गुन्हा झाला असता का? कलमाचा क्रमांक, कायद्याचे नाव, गुन्ह्याची व्याख्या हुबेहूब जुळावी लागत नाही. करणी जुळावी लागते.

हा नियम पक्का झाला तो इयन नॉरिस नावाच्या एका ब्रिटिश उद्योगपतीच्या प्रकरणात. गंमत म्हणजे जातीशी, गरिबाशी त्याचा काडीचा संबंध नाही. नॉरिस हा मॉर्गन क्रुसिबल कंपनीचा प्रमुख होता. कंपनी कार्बनचे औद्योगिक सामान बनवायची. अमेरिकेचा आरोप होता की त्याने इतर कंपन्यांशी संगनमत करून भाव ठरवले, आणि चौकशी सुरू झाल्यावर साक्षीदारांना पढवून, कागद नाहीसे करून ती दडपण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेने त्याला मागितले. मार्च २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला आणि मागणीचे दोन तुकडे केले. भाव ठरवण्याचे संगनमत अमेरिकेत जुना फौजदारी गुन्हा आहे, पण नॉरिसने ते केले त्या काळात ब्रिटनमध्ये नुसते भाव ठरवणे हा फौजदारी गुन्हा नव्हता. तो गुन्हा करणारी तरतूद तिथे २००३ मध्ये अमलात आली. म्हणजे न्यायालयात वाद चालू असताना ब्रिटनमध्येही ते कृत्य गुन्हा होते, तरी उपयोग झाला नाही, कारण कृत्य आधीचे होते. त्या आरोपाखाली त्याला देता येणार नाही, असे लॉर्ड्स म्हणाले. चौकशीत अडथळा आणण्याचे मात्र वेगळे. नॉरिसने अमेरिकेतली चौकशी दडपली, ब्रिटनमधली नाही, म्हणून हा आमच्याकडे गुन्हा कसा, असा वाद त्याच्या वकिलांनी घातला. न्यायालय म्हणाले, सगळे चित्र उचलून इथे ठेवा. इथल्या चौकशीत असे केले असते तर गुन्हा झाला असता, तेवढे पुरे. २०१० मध्ये नॉरिस अमेरिकेत गेला, दोषी ठरला आणि त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षा चौकशी दडपण्याच्या कटाची. ज्या भावांच्या संगनमतासाठी मूळ सगळे प्रकरण उभे राहिले, त्याचा खटला त्याच्यावर चाललाच नाही.

आता हाच नियम आपल्या गावात आणून ठेवू. उदाहरण काल्पनिक आहे, पण यातली एकही गोष्ट तुम्ही पाहिलेली नाही असे म्हणू नका. जयंतीच्या मिरवणुकीवरून वाद झाला. रात्री बौद्ध वस्तीतले एक घर पेटवले. घरमालकाला काठ्यांनी मारून त्याचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीसमोर, पन्नास लोकांच्या देखत, त्याच्या बायकोला जातीवरून शिव्या दिल्या. त्यानंतर तीन महिने किराणा बंद, पिठाची गिरणी बंद, शेतातली मजुरी बंद. मुख्य आरोपी लंडनला जाऊन बसला.

घर पेटवणे ब्रिटनमध्ये १९७१ च्या क्रिमिनल डॅमेज कायद्याखाली जन्मठेपेपर्यंतचा गुन्हा आहे. पाय मोडणे १८६१ च्या कायद्याखाली पाच वर्षांपर्यंतचा. दोन्ही कृत्ये वर्षाच्या अटीत सहज बसतात. आणि इथेच अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(२)(iv), म्हणजे अनुसूचित जातीच्या माणसाचे राहते घर आगीने नष्ट करण्याचे कलम, त्या कृत्याबरोबर सीमा ओलांडू शकते. आमचे म्हणणे नॉरिसच्याच निकालावर उभे आहे. आग तीच, घर तेच. भारत त्या आगीला कोणत्या कलमाने ओळखतो हा लंडनचा प्रश्न नाही. म्हणून "तिकडे जात नाही, तर गुन्हा नाही" हे वाक्य पुन्हा कोणत्याही शिबिरात म्हटले जाऊ नये.

शिव्यांचे मात्र बघा. सार्वजनिक ठिकाणी एखाद्याला मुद्दाम त्रास, धास्ती किंवा मनस्ताप व्हावा अशी शिवीगाळ ब्रिटनमध्ये १९८६ च्या पब्लिक ऑर्डर कायद्याखाली गुन्हा आहे. त्याची कमाल शिक्षा सहा महिने. सहा महिने म्हणजे बाराच्या आत. अटीत बसत नाही. पण १९९८ च्या क्राइम अँड डिसऑर्डर कायद्याने सांगितले आहे की हीच शिवीगाळ वांशिक द्वेषातून झाली असेल तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते. दोन वर्षे अटीत बसतात. शिवी तीच, चौक तोच, बाई तीच. ती शिवी 'वांशिक' ठरली तर आरोपी परत येईल, नुसती 'शिवी' ठरली तर त्या कृत्यापुरता सुटेल. त्या कायद्यात वांशिक गटाची व्याख्या आहे: वंश, वर्ण, राष्ट्रीयत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ. जात हा शब्द नाही.

तो शब्द नसणे हा विसरभोळेपणा नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात, जो दिवाणी स्वरूपाचा आहे, जातीला वंशाचा भाग करण्याची वाट ठेवली होती. २०१३ मध्ये तिथल्या संसदेने सरकारला ते करण्याचे बंधनच घातले. त्यानंतर काही संघटनांनी मोठा गदारोळ केला की हा हिंदूंवरचा हल्ला आहे, ब्रिटनमध्ये जात नाहीच. जुलै २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की कायद्यात जात घालणार नाही, न्यायालयाच्या निकालांवर विसंबू. निकाल म्हणजे मुख्यतः २०१४ चा, एका आदिवासी घरकामगार बाईच्या प्रकरणातला. त्यात ट्रिब्युनलने म्हटले की काही परिस्थितीत जात 'वांशिक मूळ' या शब्दांत बसू शकते. आमच्या बाजूला धरायला एवढीच काडी आहे, आणि तीही नोकरीच्या वादातली. फौजदारी न्यायालयात आरोपीला संशयाचा फायदा मिळतो. तिथे ती काडी किती वजन पेलेल याची खात्री कुणी देऊ नये.

पण लंडनमधल्या संघटनांवरच राग काढून मोकळे होणे सोपे आहे. या गाठीचे दुसरे टोक दिल्लीत आहे. वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ मध्ये तयार होत होता, तेव्हा त्याच्या पहिल्या कलमात 'वंशपरंपरा' या अर्थाचा शब्द घालण्याची सूचना भारतानेच केली होती. तोच शब्द पुढे जातीला लागू होतो असे म्हटल्यावर भारत सरकारने हात झटकले. २००१ च्या डर्बन परिषदेत दलित संघटना दारात उभ्या होत्या आणि आपले सरकार जगाला सांगत होते की जात म्हणजे वंश नाही, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने स्पष्ट लिहिले की वंशपरंपरेवर आधारित भेदभावात जातीचा भेदभाव येतो. तरी दिल्लीची भूमिका बदलली नाही.

त्या भूमिकेवर वाद घालताना आपण बहुतेक वेळा प्रतिष्ठेचा मुद्दा मांडतो, की जगाला कळू द्या. प्रत्यार्पणात तोच मुद्दा रोकडा होतो. उद्या भारत सरकारचा वकील लंडनच्या न्यायालयात उभा राहील आणि म्हणेल, ही शिवी वांशिक द्वेषाची मानावी. समोरचा वकील उठेल आणि भारत सरकारचीच डर्बनची भूमिका वाचून दाखवेल. त्यावर भारताचा वकील काय बोलणार? जिनिव्हात जात म्हणजे वंश नाही आणि लंडनमध्ये आहे, असे एकाच तोंडाने सांगता येत नाही.

बहिष्काराचे तर बोलायलाच नको. ३(१)(zc) खाली सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार हा आपल्याकडे सहा महिने ते पाच वर्षे शिक्षेचा गुन्हा आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदाही केला. ब्रिटनमध्ये दुकानदाराने जातीवरून किराणा नाकारला तर फार तर दिवाणी दाव्यात भरपाई मागता येईल. तुरुंग नाही. नॉरिसच्या भाव ठरवण्यासारखेच हे कृत्य सीमेवर थांबेल. तीन महिने चूल कशी पेटवली याचा हिशेब लंडनच्या न्यायालयात कुणी मागणार नाही.

कुणी म्हणेल, आरोपी जाळपोळीसाठी तरी आला ना, एकदा इथे आला की बाकीची कलमे लावू. नाही लावता येत. आपल्याच १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याचे कलम २१ सांगते की परदेशाने ज्या गुन्ह्यासाठी माणूस दिला त्याचाच खटला चालवायचा, किंवा त्याच पुराव्यातून दिसणाऱ्या कमी गंभीर गुन्ह्याचा. त्यापलीकडे जायचे तर त्या देशाची संमती लागते. अबू सालेमला पोर्तुगालने २००५ मध्ये दिले. इथे आल्यावर त्याच्यावर जादा आरोप लावले गेले. पोर्तुगालच्या न्यायालयांनी हा शर्तभंग असल्याचे म्हटले, आणि शेवटी सीबीआयला त्यातले काही आरोप मागे घेण्यासाठी न्यायालयात जावे लागले. मुंबई बॉम्बस्फोटांच्या आरोपीबाबत हे झाले. आपल्या वस्तीतल्या प्रकरणासाठी दिल्ली लंडनकडे पुन्हा संमती मागायला जाईल, असे कुणाला वाटते?

आमची खरी भीती इथे आहे. फाइल तयार करणारा अधिकारी म्हणेल, कशाला गुंतागुंत, जाळपोळ आणि मारहाण एवढेच पाठवू, ते नक्की मंजूर होते. तो वाईट हेतूने म्हणेल असेही नाही. सोय म्हणून म्हणेल. मग आरोपी परत येईल, पेपरात फोटो येईल, आणि खटला चालेल तो एका घराला लागलेल्या साध्या आगीचा. ते घर कुणाचे होते आणि का पेटले, हे कलम २१ मुळे विचारता येणार नाही. ३(२)(iv) हे कमी गंभीर कलम नव्हे, ते जास्त गंभीर आहे, म्हणून ते नंतर मागच्या दाराने आत येत नाही. खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाच्या हत्याकांडाच्या खटल्यात आपल्याच न्यायालयांनी अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. जात वजा करून खून उरवण्याची सवय या देशाला आधीच आहे. प्रत्यार्पणाचा कागद तिला आणखी एक कायदेशीर जागा देतो.

दुसरे तत्त्व राजकीय गुन्ह्याच्या अपवादाचे. राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी माणूस देऊ नये, असा हा जुना नियम. १८९० मध्ये स्वित्झर्लंडच्या टिचिनो प्रांतात उठाव झाला, त्यात एका मंत्र्याला गोळी लागली, मारणारा कास्तिओनी इंग्लंडला पळाला. सत्तेसाठीच्या उठावाचा भाग म्हणून ते कृत्य घडले, असे म्हणून न्यायालयाने त्याला दिले नाही. चार वर्षांनी फ्रान्समधल्या बॉम्बस्फोटांचा आरोपी असलेला एक अराजकवादी मात्र परत पाठवला गेला, कारण त्याच्या मागे सत्तेसाठी झगडणारा असा कुठलाही पक्ष नव्हता, सगळ्याच सरकारांशी त्याचे वैर होते.

या निकषावर गावगुंडांचे घर जाळणे राजकीय ठरत नाही. वस्तीवर हल्ला करणारे सत्ता उलथवायला निघालेले नसतात. सत्ता बहुतेक वेळा त्यांच्याच ओसरीवर बसलेली असते. शिवाय १९९२ च्या करारातच खून, गंभीर मारहाण, स्फोटके असे गुन्हे राजकीय मानायचे नाहीत, असे लिहिलेले आहे. त्यामुळे आरोपी उद्या एखाद्या संघटनेचे लेटरहेड दाखवून स्वतःला राजकीय बंदी म्हणवू लागला, तरी घाबरायचे कारण नाही.

(इथे कुणीतरी मार्सेलिसची उडी काढणारच, म्हणून एवढेच. १९१० मध्ये लंडनहून सावरकरांना पाठवले ते प्रत्यार्पणाच्या कायद्याखाली नव्हे, तर साम्राज्याच्या आतल्या फरारींसाठीच्या १८८१ च्या कायद्याखाली. त्यात राजकीय गुन्ह्याचा अपवाद नव्हताच. साम्राज्याने तो परक्या देशांतून आलेल्यांसाठी राखून ठेवला होता, आपल्या वसाहतींसाठी नाही. आणि हेगच्या लवादाने १९११ मध्ये निकाल दिला तो फ्रान्सच्या हद्दीतून त्यांना परत नेण्याबद्दल. गुन्हा राजकीय होता की नाही, हे तिथे ठरले नाही.)

या अपवादाची आजची गोष्ट आपल्यासाठी वेगळीच आहे. ब्रिटनच्या २००३ च्या कायद्यात जुना अपवाद त्या रूपात राहिला नाही. त्याऐवजी कलम ८१ आहे. माणसाला त्याच्या वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, लिंग, लैंगिक कल किंवा राजकीय मतामुळे छळण्यासाठी मागितले असेल, तर द्यायचे नाही. १९९२ च्या कराराच्या नवव्या कलमात अशीच यादी आहे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत. दोन्ही याद्यांत जात नाही. म्हणजे उद्या आपला एखादा कार्यकर्ता परदेशात शिकायला गेला, इथे त्याच्यावर खोटा गुन्हा दाखल झाला आणि सरकारने त्याला मागितले, तर त्याला सांगावे लागेल की मला माझ्या राजकीय मतामुळे छळतात. मी महार आहे, मांग आहे, चांभार आहे म्हणून छळतात, हे सांगायला त्या यादीत स्वतःचा रकाना नाही. वंशाच्या रकान्यात घुसायचे, तर पुन्हा डर्बन आडवे येते.

म्हणून आमची मागणी भारत सरकारकडे आहे आणि ती नेमकी आहे. ब्रिटनशी असलेल्या कराराच्या नवव्या कलमात 'जात' हा शब्द घाला. पुढे ज्या देशांशी करार कराल त्यातही घाला. दोन देशांच्या करारात दुरुस्ती करायला संयुक्त राष्ट्रांची परवानगी लागत नाही. आणि परदेशातले कायदे जातीला नाव देत असतील, तर तिथे जाऊन विरोध करणाऱ्यांच्या सुरात सूर मिसळणे बंद करा. अॅट्रॉसिटी कायदा तुम्हीच संसदेत केला. तो विमानतळापर्यंतच चालावा, असे त्यात कुठे लिहिलेले नाही.

आपल्या हातातली गोष्ट मात्र दिल्लीची वाट बघत नाही. ती पोलीस ठाण्यात पहिल्या रात्री घडते. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक फिर्यादींत एक ठरलेले वाक्य असते: "आरोपीने जातीवाचक शिवीगाळ केली." शब्द नाहीत, जागा नाही, कोण कोण ऐकत होते ते नाही. हवालदाराला ते वाक्य पाठ असते, आपल्यालाही सही करून घरी जायची घाई असते. प्रत्यार्पणाची वेळ आली तर हीच फिर्याद आणि जबाब इंग्रजीत होऊन परराष्ट्र मंत्रालयामार्फत लंडनला जातात. भारतातून आलेल्या मागणीत तिथले न्यायालय प्रथमदर्शनी पुरावाही मागते. "जातीवाचक शिवीगाळ" याचे भाषांतर वाचून तिथल्या न्यायाधीशाला कोणते कृत्य घडले ते कळणार नाही, आणि कृत्य कळले नाही तर ते उचलून तिथे ठेवून बघणार काय? म्हणून फिर्यादीत शिवी जशीच्या तशी, मराठीत, पूर्ण लिहायला लावा. लाज वाटली तरी. त्या शब्दाचा आमच्या जन्माशी, पूर्वजांच्या कामाशी काय संबंध आहे, हे पुढच्या वाक्यात लिहायला लावा, कारण 'मूळ' या शब्दात जात बसवायची असेल तर तोच पुरावा आहे. घर पेटवताना आरोपी काय बोलत होता, ते आगीच्या परिच्छेदातच यायला हवे, शेवटी वेगळ्या ओळीत नको. अॅट्रॉसिटीचा तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो. आरोपी देशाबाहेर गेल्याचे कळताच त्यांना लेखी अर्ज द्या, की प्रत्यार्पणाच्या मागणीत अॅट्रॉसिटीची कलमे त्या त्या कृत्यासोबत घातली आहेत का, आणि नसतील तर कोणी आणि का वगळली. अर्जाची पोच घ्या, त्यावर तारखेचा शिक्का मारून घ्या.